व्हिसासाठी खातेउतारा : पहिला अर्ज कुठे चुकला, दुसरा कसा लिहिला

‘माझ्या मुलीच्या व्हिसासाठी बँक स्टेटमेंटची गरज आहे. तरी गेल्या सहा महिन्यांचे स्टेटमेंट मिळावे, ही विनंती.’

एवढाच अर्ज होता. खाली सही, खातेक्रमांक आणि १४ जुलै ही तारीख. अर्ज लिहिणारे गृहस्थ जुळे सोलापुरात आमच्या शेजारी राहतात. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत भावाच्या भागीदारीत त्यांचा टॉवेलचा कारखाना आहे. मुलगी एम.एस्सी.साठी ब्रिटनला निघाली होती. कोर्स सप्टेंबरच्या उत्तरार्धात सुरू होणार होता. बँकेने अर्ज घेतला, अर्ध्या तासात नऊ पानांचा उतारा आणि एक बॅलन्स सर्टिफिकेट हातात दिलं. काम झालं असं समजून ते घरी आले. मुलीने संध्याकाळी ते कागद मला दाखवायला आणले, कारण माझी बत्तीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे गेली आहेत आणि निवृत्तीनंतरही आळीतले कागद माझ्याकडे येतातच.

त्या कागदांत बँकेची चूक एकच होती, तीही जुनी. जे मागितलं होतं ते बँकेने बरोबर दिलं होतं. मागणंच अपुरं होतं. त्या कागदांवर अर्ज गेला असता तर मुलीचा व्हिसा नाकारला जाण्याची दाट शक्यता होती, आणि पैसे तर घरात पुरेसे होते. म्हणून हे प्रकरण तपशिलात लिहिते आहे.

आधी पैसे किती दाखवायचे होते ते पाहू, कारण अर्जातलं प्रत्येक वाक्य त्या आकड्याशी बांधलेलं आहे. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसाला दोन रकमांची बेरीज दाखवावी लागते. पहिल्या वर्षाची भरायची राहिलेली फी, आणि राहण्या-खाण्याचा खर्च. हा खर्च सरकारने ठरवून दिला आहे. ११ नोव्हेंबर २०२५पासून तो लंडनमध्ये महिन्याला १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड आहे, आणि कोर्स कितीही लांब असला तरी जास्तीत जास्त नऊ महिन्यांचाच धरतात. मुलीचं विद्यापीठ लंडनबाहेर होतं, म्हणजे १०,५३९ पौंड. फी १९,००० पौंड, त्यातले ६,००० आगाऊ भरले होते आणि विद्यापीठाच्या सीएएसमध्ये, म्हणजे प्रवेश पक्का केल्याच्या नोंदीत, ते दिसत होते. राहिले १३,०००. एकूण २३,५३९ पौंड.

याचे रुपये किती? इथे बँकेचा भाव चालत नाही. व्हिसाचा अर्ज ज्या दिवशी भराल, त्या दिवशीचा ओअँडा या संकेतस्थळावरचा दर धरतात. तो दिवस उगवेपर्यंत नेमका आकडा कुणालाच सांगता येत नाही. आम्ही हिशेबासाठी पौंडाला १२० रुपये धरले. त्याने २८,२४,६८० रुपये होतात.

घरात पैसे असे होते. (आकडे सोपे करून देते.) आईवडिलांच्या जोडनावावर १८ लाखांची मुदत ठेव, आदल्या नोव्हेंबरात ठेवलेली. त्याच शाखेत दोघांचं बचत खातं, त्यात जूनच्या मध्यावर ३,१०,४०० रुपये. २३ जूनला कारखान्याच्या खात्यातून स्वतःच्या वाट्याचे नऊ लाख या बचत खात्यात आले. शिल्लक १२,१०,४०० झाली, ठेव धरून ३०,१०,४००. गरजेपेक्षा जवळजवळ दोन लाख जास्त. वडील निर्धास्त होते, आणि बेरीज पाहता त्यांचं चूक नव्हतं.

‘ताई, पैसे तर आहेत ना? मग कशाला काळजी?’ ते म्हणाले.

मी उताऱ्याचं शेवटचं पान उघडून ४ जुलैच्या ओळीवर बोट ठेवलं. त्या दिवशी सुताच्या व्यापाऱ्याला दिलेला २,४०,००० चा चेक वटला होता. कारखान्याचं चेकबुक संपलं होतं, म्हणून त्यांनी घरच्या खात्याचा चेक फाडून दिला होता. बचत खात्यात उरले ९,७०,४००. ठेव धरून २७,७०,४००. म्हणजे गरजेच्या आकड्यापेक्षा ५४,२८० रुपये कमी. ७ जुलैला त्यांनीच तीन लाख परत भरले आणि शिल्लक १२,७०,४०० झाली. धंदेवाल्या माणसाच्या दृष्टीने ही तीन दिवसांची उसनवारी. व्हिसाच्या नियमात मात्र ते तीन दिवस फार महागात पडतात.

नियम असा आहे की लागणारी पूर्ण रक्कम सलग २८ दिवस खात्यात असली पाहिजे. सरासरी शिल्लक किंवा शेवटच्या दिवसाची शिल्लक त्यांना नको असते. २८ दिवसांतल्या एकाही दिवशी रक्कम त्या आकड्याखाली गेलेली चालत नाही. आणि हे दिवस मागे मोजतात: तुम्ही दिलेल्या ताज्या कागदावर जी शेवटची शिल्लक आहे, तिच्या तारखेपासून मागे २८ दिवस. शिवाय ती शेवटची तारीख व्हिसाचा अर्ज भरण्याच्या दिवसापासून ३१ दिवसांच्या आतली हवी.

आता १४ जुलैला संपणारा उतारा घ्या आणि मागे चला. पहिल्याच आठवड्यात ४ ते ७ जुलैचा खड्डा लागतो. तो खड्डा पडलाच नसता असं समजलं, तरीही नऊ लाख आले २३ जूनला, आणि २३ जून ते १४ जुलै हे भरतात जेमतेम २२ दिवस. म्हणजे हा उतारा दोन वेगवेगळ्या कारणांनी निकामी होता, आणि त्यातलं एकही कारण बँकेच्या बाईंना दिसायचं कारण नव्हतं. अर्जात ‘गेल्या सहा महिन्यांचे’ असं लिहिलं होतं, त्यांनी त्या दिवसापर्यंतचे सहा महिने छापून दिले.

मुलीने विचारलं, ‘काकू, पण पौंड ११७ झाला तर? मग त्या दिवशीचे पैसे पण पुरतात.’ तिचा हिशेब बरोबर होता. ११७ने गरज २७,५४,०६३ होते आणि खड्ड्यातली शिल्लकही तिच्या वर राहते. पण अर्जाच्या दिवशी दर काय असेल ते आपल्या हातात नाही. ज्या कागदाचं बरंवाईट चलनबाजारावर ठरतं, तो कागद मी कुणाला पाठवू देणार नाही. उलट दर १२५ गेला तरी पुरेल एवढी रक्कम खात्यात हवी. ३०,७०,४०० मध्ये ती जागा होती, कारण १२५ने २९,४२,३७५ लागतात.

म्हणून आम्ही मोजणी नव्याने सुरू केली. ७ जुलैला पैसे भरले, पण ते दिवसात कधी जमा झाले यावर वाद नको, म्हणून तो दिवस सोडला. ८ जुलै पहिला दिवस. जुलैचे २४ दिवस आणि ऑगस्टचे चार, ४ ऑगस्टला २८ भरतात. उतारा ४ ऑगस्टच्या दिवसअखेरपर्यंतचा हवा, म्हणजे तो ५ ऑगस्टला घ्यायचा. तिथून ३१ दिवस, म्हणजे ४ सप्टेंबरपर्यंत व्हिसाचा अर्ज भरला तर चालतो, पण कोर्स जवळ होता, तेव्हा लगेच भरायचा. वडिलांना मी एकच गोष्ट बजावली: व्हिसाचा निकाल येईपर्यंत या खात्यातून एक रुपयाही काढायचा नाही. नियमाने पाहिलं तर २८ दिवस भरल्यावर पैसे हलवायला बंदी नाही. पण अधिकाऱ्याने मध्येच बँकेकडे विचारणा केली आणि खातं रिकामं दिसलं तर पैसे खरोखर मुलीसाठी आहेत का, हा प्रश्न उभा राहतो. त्यांनी चेकबुक तिथेच बायकोच्या हातात दिलं.

दुसरी अडचण बॅलन्स सर्टिफिकेटमध्ये होती आणि ती मला जास्त त्रासदायक वाटली. सर्टिफिकेटवर फक्त बचत खातं होतं. अठरा लाखांच्या ठेवीचा उल्लेखच नव्हता. वडिलांना वाटलं, बाई विसरल्या. मला वेगळीच शंका आली, कारण हे मी नोकरीत कितीतरी वेळा पाहिलं आहे. बँकेच्या संगणकात माणसाची ओळख खातेक्रमांकाने नसते, ग्राहक क्रमांकाने असते. एका माणसाचा एकच ग्राहक क्रमांक असावा आणि त्याखाली त्याची सगळी खाती यावीत, अशी रचना असते. पण गर्दीच्या दिवशी ठेव उघडताना कुणी जुना क्रमांक न शोधता नवा तयार करतो. मग एकाच माणसाचे दोन ग्राहक होतात. सर्टिफिकेट ज्या क्रमांकावरून काढाल, त्याखालचीच खाती छापून येतात.

ठेवीची पावती मागवली तेव्हा ते उघड झालं. पासबुकावर वडिलांचं पूर्ण नाव होतं, आडनाव आधी. पावतीवर मात्र आद्याक्षरं आणि आडनाव, आणि आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ कमी. ग्राहक क्रमांक दोन्हीकडे वेगळे.

हे नुसतं टापटिपीचं काम नाही. मुलीने आईवडिलांचे पैसे दाखवायचे तर नाव एकमेकांत गुंफलेलं दिसलं पाहिजे: मुलीच्या जन्मदाखल्यावर आईवडिलांची जी नावं आहेत, तीच खात्यावर हवीत. महापालिकेच्या जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव पूर्ण आणि दोन ‘ए’चं होतं. बचत खातं त्याच्याशी जुळत होतं. ठेव जुळत नव्हती, आणि निम्म्याहून जास्त पैसे ठेवीत होते. परदेशात बसलेल्या अधिकाऱ्याने आद्याक्षरांचा आणि बदललेल्या स्पेलिंगचा माणूस हाच बाप आहे, असं का मानावं? दुरुस्तीसाठी पॅन आणि आधारच्या प्रती लावून वेगळा अर्ज दिला: दोन्ही ग्राहक क्रमांक एकत्र करून ठेवीवरचं नाव बचत खात्याप्रमाणे करावं. शाखेतून तो पुढे त्यांच्या मुख्य कार्यालयात गेला आणि सहा कामाच्या दिवसांनी झाला. आमच्याकडे २८ दिवस भरायचेच होते, म्हणून तो वेळ फुकट गेला नाही. घाईत असलेल्या घराला हेच सहा दिवस जड जातात.

ठेवीबद्दल आणखी एक. मुलीला कुणीतरी सांगितलं होतं की एफडी चालत नाही, मोडून बचत खात्यात टाका. वडील मोडायला निघालेच होते. व्याजाचं नुकसान तर झालंच असतं, पण गरजही नव्हती. ब्रिटनच्या नियमात ठेवखातं चालतं, अट एवढीच की पैसे लगेच काढता आले पाहिजेत. शेअर, सोनं, घर किंवा विमा दाखवून उपयोग नाही, पण ठेव चालते. आता ‘लगेच काढता येते’ हे पावतीवर छापलेलं नसतं. पावतीवर दिसते मुदत संपण्याची तारीख, आणि ती असते पुढच्या वर्षाची. म्हणून बँकेच्या पत्रात एक वाक्य यावं लागतं: ही ठेव मुदतीपूर्वी केव्हाही मोडता येते आणि तिच्यावर कोणताही बोजा नाही. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३मध्ये ठरवून दिलं आहे की वैयक्तिक ग्राहकाची एक कोटीपर्यंतची मुदत ठेव मुदतपूर्व काढण्याच्या सोयीसहच असली पाहिजे. त्यामुळे साध्या ठेवीसाठी हे वाक्य द्यायला शाखेला अडचण नसते. पाच वर्षांची करबचत ठेव याला अपवाद आहे. ती मोडता येत नाही, तेव्हा ती या हिशेबात धरायची नाही.

बोजाबद्दल विचारलं तेव्हा वडील म्हणाले, ‘हिवाळ्यात ठेवीवर ओडी घेतली होती दोन महिने. मार्चमध्ये फेडली.’ मी त्यांना शाखेत विचारायला लावलं. पैसे फिटले होते, पण संगणकात ठेवीवरची लिअनची, म्हणजे त्या कर्जाच्या बोजाची, खूण तशीच होती. ती काढायला दहा मिनिटं लागली. ती न काढता कुणी पत्र लिहिलं असतं तर ‘बोजा नाही’ हे वाक्य बँकेला सहीनिशी देता आलं नसतं.

वडिलांचे चार लाख एका पतसंस्थेतही होते. ते मी हिशेबातच घेतले नाहीत. नियमाप्रमाणे पैसे ठेवणारी संस्था त्या देशातल्या वित्तीय नियामकाच्या देखरेखीखालची असावी लागते, तिचं दप्तर संगणकावर हवं आणि तिच्याकडे पडताळणी करता आली पाहिजे. आपल्या पतसंस्था सहकार खात्याच्या कक्षेत येतात, रिझर्व्ह बँकेच्या नव्हे. त्या पैशाशिवाय भागत होतं, तेव्हा वादाचा मुद्दा कागदात कशाला आणा?

मग ३ ऑगस्टला आम्ही दुसरा अर्ज लिहिला. मराठीतच लिहिला. अर्ज मराठीत द्यायला काही हरकत नाही, बँकेचे कागद मात्र इंग्रजीत मागायचे, नाहीतर अधिकृत भाषांतर जोडावं लागतं. अर्ज असा:

दि. ३ ऑगस्ट

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
(बँकेचे नाव), (शाखा), सोलापूर

विषय : मुलीच्या ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी खातेउतारा आणि शिलकीचे पत्र मिळणेबाबत.

संदर्भ : बचत खाते क्र. ………, मुदत ठेव क्र. ………, ग्राहक क्र. ………

महोदय,

वरील दोन्ही खाती आम्हा पती-पत्नींच्या संयुक्त नावावर आपल्या शाखेत आहेत. आमची मुलगी कु. ……… हिला उच्च शिक्षणासाठी ब्रिटनमधील विद्यापीठात प्रवेश मिळाला असून तिच्या व्हिसा अर्जासोबत खालील दोन कागद जोडावयाचे आहेत. दोन्ही कागद इंग्रजीत असावेत, ही विनंती.

१. बचत खात्याचा १ जून ते ४ ऑगस्ट या कालावधीचा उतारा. शेवटची शिल्लक ४ ऑगस्टच्या दिवसअखेरची असावी. उताऱ्यावर खातेदारांची पूर्ण नावे, खाते क्रमांक, बँकेचे नाव व बोधचिन्ह आणि उतारा दिल्याची तारीख असावी. प्रत्येक पानावर शाखेचा शिक्का व सही असावी.

२. बँकेच्या लेटरहेडवर शिलकीचे पत्र. त्यात बचत खात्याची ४ ऑगस्ट रोजीची शिल्लक. मुदत ठेवीचा क्रमांक, ती ठेवल्याची तारीख व ४ ऑगस्ट रोजीची मूळ रक्कम. तसेच सदर ठेव मुदतीपूर्वी केव्हाही काढता येते व तिच्यावर कोणताही बोजा नाही, असा उल्लेख असावा.

दोन्ही कागदांवर सही करणाऱ्या अधिकाऱ्यांचे नाव, हुद्दा, शाखेचा दूरध्वनी व शाखेचा अधिकृत ई-मेल असावा, कारण व्हिसा कार्यालयाकडून पडताळणी होऊ शकते. अशी विचारणा आल्यास आमच्या वरील दोन खात्यांबाबत माहिती देण्यास आमची संमती आहे.

हे कागद आम्हांस ५ ऑगस्ट रोजी मिळावेत. नियमाप्रमाणे होणारे शुल्क व जीएसटी आमच्या बचत खात्यातून न घेता रोखीने स्वीकारावे, ही विनंती.

ग्राहक क्रमांक एकत्र केल्याचा व लिअन काढल्याचा शाखेचा शेरा असलेली प्रत सोबत जोडली आहे.

आपले विश्वासू,
(दोघांच्या सह्या, खात्यावर आहेत तशाच)
मोबाइल क्र. ………

काही वाक्यांची कारणं सांगते. कालावधी १ जूनपासून मागितला, कारण २३ जूनला आलेले नऊ लाख कुठून आले ते उताऱ्यात दिसावं. त्या ओळीत कारखान्याचं नाव होतं आणि त्याआधीचे तीन आठवडे खात्याची साधी रोजची चाल दिसत होती. २८ दिवसांपुरताच उतारा दिला असता तर तो मोठ्या रकमेपासून सुरू झाला असता आणि ती रक्कम उसनी आणल्यासारखी वाटली असती. सहा महिन्यांचा मागण्याची गरज नव्हती. नऊ पानांत अधिकाऱ्याने शोधायचं काय, हेच हरवतं.

संमतीचं वाक्य बहुतेक अर्जांत नसतं. पण बँकेला ग्राहकाची माहिती परक्याला देता येत नाही. परदेशातून आलेल्या ई-मेलला शाखेतला नवा अधिकारी भीतीपोटी उत्तरच देत नाही, असं मी स्वतः पाहिलं आहे. ब्रिटनचे अधिकारी कागद खरा आहे का ते विचारतात, आणि पडताळणी झाली नाही तर त्याचा फटका अर्जदाराला बसतो. कागद बनावट निघाला आणि फसवणूक ठरली तर दहा वर्षांपर्यंत व्हिसा बंद होऊ शकतो. बाजारात ‘स्टेटमेंट करून देणारे’ भेटतात, त्यांच्याकडे गेलेल्या मुलांची आयुष्यं यात अडकतात, आणि ते पाहून मला फार वाईट वाटतं. तीस दिवस थांबायची तयारी असेल तर त्या वाटेला जायची वेळच येत नाही.

शुल्काचं वाक्य मुद्दाम घातलं. आमच्या हिशेबात अडीच लाखांची सवड होती, तेव्हा शे-दोनशे रुपयांनी बिघडलं नसतं. पण ज्यांची शिल्लक काठावर असते, त्यांच्या खात्यातून २८ दिवसांच्या आत एसएमएसचे पैसे, लॉकरचं भाडं, विम्याचा वार्षिक हप्ता असं काहीतरी आपोआप वळतं होतं आणि शिल्लक घसरते. मालकाला ते नंतर पासबुक भरताना कळतं.

पौंडातला आकडा आम्ही मागितला नाही. व्यवस्थापक चांगुलपणाने तो घालायला तयार होते. पण अधिकारी रुपयांची शिल्लक बघतो आणि स्वतःचा दर लावतो. बँकेच्या दराने काढलेला आकडा त्याच्याशी जुळणार नाही आणि विनाकारण दोन आकडे शेजारी दिसतील. ‘रुपयेच राहू द्या साहेब,’ असं वडील म्हणाले आणि त्यांनीही ऐकलं.

अर्जाच्या दोन प्रती नेल्या. एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन ती घरी ठेवली. ५ ऑगस्टला दुपारी वडील कागद घेऊन आले. उतारा तीन पानांचा होता. मी पहिल्यांदा शेवटच्या ओळीची तारीख पाहिली: ४ ऑगस्ट, १२,७०,४००. मग ८ जुलैपासून एकेक ओळ खाली वाचली. दोनच नोंदी होत्या, दोन्ही जमेच्या, मुलीच्या मामांनी प्रवासासाठी पाठवलेल्या पाच-पाच हजारांच्या. त्या आकड्यांशी शेवटची शिल्लक जुळेना. दहा हजार कमी.

पुन्हा पाहिलं तेव्हा लक्षात आलं की छापील शेवटची शिल्लक १२,८०,४०० होती. मी मनातला जुना आकडा वाचत होते. असं होतं, म्हणून कागद दुसऱ्याला वाचायला द्यावा. मुलीने मोठ्याने वाचला, मी हातातल्या कागदावर टिकमार्क केले.

खरी अडचण दुसऱ्या पानावर निघाली. शिक्क्याची शाई फिकी होती, शाखेचं नाव वाचता येत नव्हतं. हे कागद स्कॅन करून ऑनलाइन चढवायचे असतात. जे डोळ्याला अंधुक दिसतं ते स्कॅनमध्ये नाहीसंच होतं. वडील परत गेले, ते पान पुन्हा छापून, नव्या शिक्क्यासह आणलं. बाकी पत्र नीट होतं. ठेवीचं वाक्य हवं तसं, लिअन नसल्याचा उल्लेख, अधिकाऱ्यांचं नाव, हुद्दा, शाखेचा ई-मेल. ई-मेल बँकेच्याच पत्त्याचा आहे का ते मी पाहिलं, कारण काही ठिकाणी अधिकारी सवयीने स्वतःचा खासगी पत्ता लिहून देतात.

बँकेच्या कागदांबरोबर दोन घरचे कागद लागले. मुलीचा जन्मदाखला, आणि आईवडिलांनी सही करून दिलेलं पत्र की ही आमची मुलगी आहे आणि हे पैसे तिने शिक्षणासाठी वापरायला आमची संमती आहे. हे पत्र बँकेकडून आणायचं नसतं. जोडखातं असल्याने दोघांच्याही सह्या घेतल्या.

६ ऑगस्टला तिने व्हिसाचा अर्ज भरला, आणि पुढच्या आठवड्यात बोटांचे ठसे द्यायला बापलेक पुण्याला जाऊन आले. ऑगस्टच्या अखेरीस सकाळी मंजुरीचा ई-मेल आला. वडील पेढे घेऊन आले तेव्हा मी आधी खात्याचं विचारलं. ‘हात लावला नाही ताई,’ ते म्हणाले. ‘सूतवाला तीनदा येऊन गेला. आता हिच्याकडून चेकबुक मागून घेतो.’